रविवारची गोळी

हाडांच्या गोळीच्या पुडीवर निळ्या पेनानं १-०-० असं लिहिलं होतं. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री नाही. वीस वर्षं थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. पुडीत चंदेरी पट्टीचा एक तुकडा होता, त्यात दोन गोळ्या. चार गोळ्यांची पट्टी दुकानदारानं कात्रीनं मधोमध कापली होती. "आत्ता दोन न्या, मानवल्या तर उरलेल्या न्यायला या," असं वर प्रेमानं सांगितलंही होतं.

पहिली गोळी मी रविवारी घेतली. सोमवारी सकाळी दुसरी घ्यायला पाण्याचा पेला हातात धरला, तेवढ्यात पुण्याहून आलेली मुलगी म्हणाली, "आई, रोजची गोळी असेल तर दोनच कशा दिल्या त्यानं?" डॉक्टरांचा कागद काढून बघितला. 'आठवड्यातून एक' असं त्यांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं. दुकानात पुडी भरणाऱ्या मुलाच्या हाताला १-०-० ची सवय, त्यानं तेच लिहिलं. पट्टी उलटी करून चष्मा चढवला तर मागे इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत सूचना होती. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर आडवे होऊ नका, कमीत कमी... इथून पुढे कात्री फिरलेली. कमीत कमी किती, ते दुसऱ्या तुकड्यावर, आणि तो तुकडा दुकानातल्या डब्यात.

मी साताऱ्यात राहते, वय सदुसष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गॅलरीत ओल्या फरशीवर घसरले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पडणं अगदी साधं, उभ्या उभ्या घसरून बसल्यासारखं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं म्हटल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर निघाल्यावर घनता मोजायला पाठवलं. आडवं झोपवून वरून एक दांडा फिरवतात, दुखत-खुपत काही नाही. तरुण हाडाशी तुलना करून आकडा काढतात, माझा खुब्याचा आला उणे २.७. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाडं ठिसूळ होण्याला आपल्याकडे 'वय झालं' एवढंच नाव होतं, त्याला आता आकडा मिळाला.

गोळी लगेच सुरू केली नाही, हे मला नंतर बरं वाटलं. आधी रक्त तपासलं. डी जीवनसत्त्व फारच कमी निघालं, म्हणून आठ आठवडे दर आठवड्याला साठ हजार युनिटची पावडर दुधातून घेतली. मूत्रपिंडाचं काम बघितलं, कारण ते फार मंदावलेलं असेल तर ही गोळी देत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम कमी असेल तर तेही आधी भरून काढावं लागतं. शिवाय डॉक्टरांनी विचारलं, "दात काढायचा राहिलाय का एखादा?" राहिला होता, उजवीकडची एक सडकी मुळी. ती काढून घ्या, हिरडी भरू द्या, मग या म्हणाले. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून दातांचं काम आधी उरकायचं. असं करत करत गोळी हाती आली ती दिवाळी झाल्यावर.

गोळीचं नाव अ‍ॅलेंड्रोनेट, सत्तर मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी वार निवडायला सांगितला. मी रविवार घेतला, कारण रविवारी यांना फिरायला जायची घाई नसते आणि माझ्यावर नजर ठेवायला ते घरात असतात.

आता ते तीन नियम. पहिल्या काही आठवड्यांत मला ते सोवळ्याच्या नियमांसारखेच वाटायचे. कुणीतरी कधीतरी घालून दिलेत, पाळायचे, कारण विचारायचं नाही. माझी भाची फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, त्यातले दोन नियम औषध आत जावं म्हणून आहेत आणि एक तुझी अन्ननलिका भाजू नये म्हणून. पहिले दोन मोडलेस तर तुला काही म्हणजे काही कळणार नाही. तिसरा मोडलास तर कळेल." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे त्यातला शब्द न् शब्द खरा ठरला.

सत्तर मिलिग्रॅमच्या गोळीतलं रक्तात किती जातं, असं तिला विचारलं. ती म्हणाली, सगळे नियम पाळले तरी शंभरातला एक भागसुद्धा नाही. साधारण ०.६ टक्के. म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही. बाकीचं आतड्यातून तसंच बाहेर पडतं. मी कागदावर बावन्न रविवारांचा हिशोब मांडला, तर वर्षाला जेमतेम बावीस मिलिग्रॅम आले. चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढं औषध वर्षभरात माझ्या रक्तात जाणार. त्यातलंही निम्मंच हाडांवर बसणार आणि निम्मं लघवीवाटे जाणार. पण जे बसतं ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून तर गोळी रोज घ्यायची गरज पडत नाही.

एवढं कमी का जातं, याचं कारण मला फार आवडलं. कॅल्शियम दिसलं की त्याला चिकटायचं, हाच या औषधाचा गुण. हाडात कॅल्शियम असतं, म्हणून ते हाडाला जाऊन चिकटतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरतं. पण पोटात त्याच्याआधी चहातलं दूध पोचलेलं असेल तर त्याला हाडापर्यंत जायची गरजच काय? ते दुधातल्या कॅल्शियमला तिथेच मिठी मारतं आणि त्याच्यासोबत बाहेर निघून जातं. ज्या गुणासाठी गोळी घ्यायची, तोच गुण तिला वाटेत अडकवतो. न्याहारीबरोबर किंवा न्याहारीनंतर दोन तासांच्या आत गोळी घेतली तर आत जाणारं औषध जवळपास शून्य. कॉफी किंवा संत्र्याचा रस, म्हणजे ज्यात दूध नाही अशा गोष्टींनीसुद्धा ते निम्म्याहून जास्त घटतं. भाचीनं साठ टक्के सांगितलं. अर्ध्या मिलिग्रॅमातून साठ टक्के काढले तर उरतं काय!

आणि हे सगळं गुपचूप होतं. चहाबरोबर गोळी घेतली म्हणून पोट दुखत नाही, मळमळत नाही, उलट बरंच वाटतं. रक्तदाबाची गोळी वाया गेली तर यंत्र लावून कळतं, साखरेची गेली तर सुईनं कळतं. इथे दोन वर्षांनी पुन्हा घनता मोजेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी वर्षभर ही गोळी सकाळच्या दुधाबरोबर घेत होत्या. हाडांची गोळी आणि हाडांसाठी दूध, दोन्ही एकदम, असा त्यांचा हिशोब. वर कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. त्यांना मी काही बोलले नाही, फक्त भाचीचा नंबर दिला.

उपाशीपोटी म्हणजे काय, यावरही घरात चर्चा झाली. आमच्याकडे उपाशी म्हणजे जेवलेलं नसणं. चहाला कुणी खाण्यात धरत नाही. सकाळी सहाला चहा झालेला माणूस दहा वाजता "मी अजून उपाशीच आहे" असं खुशाल म्हणतो. गोळीचं उपाशीपण तसलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही गेलेलं नाही, पाण्याशिवाय, तेच उपाशीपोट. कोमट पाण्यात लिंबू-मध नाही, भिजवलेल्या मेथीचं पाणी नाही, दोन बदामसुद्धा नाहीत. मग गोळी, आणि नंतर अर्धा तास पुन्हा काहीच नाही. अर्धा तास हे कमीत कमी झालं. त्याहून जास्त थांबलं तर आणखी थोडं औषध आत जातं, म्हणून जमेल तेव्हा मी तासभर थांबते.

माझी पंचाईत वेगळीच होती. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच. दोन्ही गोळ्या म्हणणार पहिला मान माझा. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी सोपं करून दिलं. रविवारी सहाला आधी आठवड्याची गोळी, साडेसहाला थायरॉइडची, तीही पाण्याबरोबर, आणि सातनंतर चहा. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर, म्हणजे दोघींची गाठच पडायला नको. रविवारी सकाळी अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध प्यायचं झालं तर तेही अर्ध्या तासानंतरच, कारण त्यात मॅग्नेशियम नि अ‍ॅल्युमिनियम असतं आणि ही गोळी त्यांनाही चिकटते.

पाण्याची गोष्ट तर माझ्या डोक्यातही आली नसती. साधं पाणी म्हणजे साधं पाणी, त्यात काय शिकायचं? पण आमच्या सोसायटीत दोन पाणी आहेत. नगरपालिकेचं सकाळी तासभर, बाकी वेळ बोअरचं. बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर पांढरी पुटं चढतात, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ती पांढरी पुटं कसली? कॅल्शियमची आणि मॅग्नेशियमची. म्हणजे जे दुधात नको म्हणून मी चहा सोडून बसले, तेच पेल्यात घेऊन बसायचं. तेव्हापासून शनिवारी रात्री नगरपालिकेच्या पाण्याचा एक तांब्या झाकून ओट्यावर ठेवते. हे रोज तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात, त्यांच्या आग्रहाखातरसुद्धा मी रविवारी ते घेत नाही. साधं म्हणजे ज्यात मुद्दाम काही उतरवलेलं नाही असं.

सूचनापत्रात 'मिनरल वॉटर नको' असंही असतं आणि त्यानं आपल्याकडे गोंधळ होतो. आपण दुकानातल्या कुठल्याही बंद बाटलीला मिनरल वॉटर म्हणतो. पण बाटलीवर नीट बघितलं तर बहुतेकांवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं छापलेलं असतं, म्हणजे गाळून शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी. खरं मिनरल वॉटर वेगळं, झऱ्याचं किंवा जमिनीतलं, मुळातच खनिजं असलेलं, आणि त्याच्या बाटलीवर 'नॅचरल मिनरल वॉटर' लिहिलेलं असतं. सूचना त्याच्याबद्दल आहे. प्रवासात स्टँडवर घेतलेल्या साध्या बाटलीनं मी गोळी घेतली आहे.

आणि पेलाभर म्हणजे किती? मी आपलं नेहमीचं स्टीलचं फुलपात्र घेत होते. एकदा सहज केक करायच्या मापानं मोजलं तर काठोकाठ भरून एकशे वीस मिलिलिटर निघालं, आणि काठोकाठ भरून कोण पितं? पाहिजे दोनशेच्या आसपास. म्हणजे पहिले चार रविवार मी निम्म्या पाण्यावर गोळी ढकलत होते. आता पाहुण्यांच्या सरबताचा काचेचा ग्लास कपाटातून बाहेर काढलाय. आधी एक घोट, मग गोळी, मग न थांबता उरलेला सगळा ग्लास. गोळी चघळायची नाही, चोखायची नाही, तोंडात विरघळायला लागली तर तिथेच फोड येतो.

आता तिसरा नियम, ज्याची किंमत मी मोजली.

पाचवा रविवार होता आणि त्या दिवशी संकष्टी आली. आदल्या रात्री नातवाशी फोनवर बोलत बारा वाजले. सहाला उठले खरी, पण डोळे मिटत होते. फुलपात्रातले दोन-तीन घोट घेऊन गोळी गिळली. देवघरातली निरांजनं पुसली, गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या, खुर्चीत बसून वर्तमानपत्र चाळलं. घड्याळात सहा पस्तीस. अर्धा तास झाला की! नेहमी यानंतर चहा. पण चतुर्थीला पूजा होईपर्यंत मी चहा घेत नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. पूजेला अवकाश होता, म्हणून दिवाणावर जरा पाठ टेकली. जाग आली ती आठ वाजता.

दुपारी साबुदाण्याची खिचडी खाताना छातीच्या मधोमध, हाडामागे, काहीतरी टोचल्यासारखं झालं. मिरची लागली असेल म्हणून वर ताक प्यायले. रात्री चंद्र बघून जेवायला बसले तर वरणभाताचा घास त्याच जागी येऊन थांबला. हलके हलके खाली गेला, पण जाताना ओरखडा काढत गेला. हे म्हणाले, "पित्त झालंय तुला, उपास आणि जागरण." घरातलं अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध घेतलं. सोमवारी कोमट चहासुद्धा गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मंगळवारी मी नुसत्या पेजेवर होते.

बुधवारी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नुसती जळजळ आहे की गिळताना दुखतं?" गिळताना, म्हटलं. दुसरा प्रश्न, "रविवारी गोळीनंतर काय काय केलंत, मिनिटामिनिटानं सांगा." मी सांगत गेले. दिवाणापर्यंत आल्यावर त्यांनी हात वर केला. "पण अर्धा तास झाला होता," मी म्हटलं. "अर्धा तास आणि पहिलं खाणं," ते म्हणाले. "दोन्ही झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अर्धं वाक्य वाचलंत तुम्ही."

खरंच अर्धंच वाचलं होतं, आणि अर्ध्याच्या पुढे कात्री होती.

त्यांनी कागदावर अन्ननलिका काढून दाखवली. ही गोळी अन्ननलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला झोंबते. पोटाच्या अस्तराला आम्लाची सवय असते, तिथे ती पटकन पोचली तर सहसा निभावतं. पण दोन घोटांत ती नीट खाली जात नाही. नलिकेच्या भिंतीला चिकटते, तिथेच विरघळायला लागते, आणि तिथल्या तिथे भाजून काढते. ग्लासभर पाणी लागतं ते तहान भागवायला नव्हे, तर तिला धुऊन खाली न्यायला. आणि उभं किंवा बसलेलं राहायचं ते उतार राहावा म्हणून. आडवं झालं की पोटातलं आम्ल त्यात विरघळलेल्या औषधासकट वर सरकतं. खाणं झालं की ते औषध अन्नात मिसळून सौम्य होतं आणि नलिकेत काही उरलं असेल तर घासाबरोबर खाली जातं. म्हणून ती 'पहिलं खाणं' वाली अट. चतुर्थीच्या दिवशी माझं पहिलं खाणं दुपारी होतं, म्हणजे नियमानं मी दुपारपर्यंत आडवं व्हायलाच नको होतं.

गोळी तिथेच बंद केली. आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल सुरू केल्या आणि आठवड्यात उतार पडला नाही तर दुर्बिणीनं आत बघू म्हणाले. मऊ भात, गार दूध, पातळ खिमट. सहाव्या दिवशी पोळीचा घास विनासायास खाली गेला तेव्हा मी थांबून दुसरा घेतला, खात्री करायला. दुर्बीण टळली. आणखी दोन दिवस मी पित्त पित्त करत घरी बसले असते आणि पुढच्या रविवारी तशीच दुसरी गोळी घेतली असती, तर व्रण झाला असता, असं ते म्हणाले. गोळी चालू असताना गिळायला त्रास, गिळताना दुखणं, किंवा कधी नव्हती अशी छातीतली जळजळ सुरू झाली तर त्याला पित्त म्हणायचं नाही, पुढची गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे मी मुलीकडून मोठ्या अक्षरात लिहून घेऊन औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

महिनाभरानं पुढे काय करायचं याचं बोलणं झालं. एक रस्ता होता वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या इंजेक्शनचा, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, पाच मिलिग्रॅम, पंधरावीस मिनिटं सलाइनसारखं लावतात. ते पोटातून जातच नाही, म्हणून हे तिन्ही नियम त्याला नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींना तेच देतात. त्यांच्या पाठीचे दोन मणके दबलेत, सकाळी उशी-लोडाशिवाय दहा मिनिटं ताठ बसवत नाही. ज्याला अर्धा तास उभं किंवा ताठ बसवत नाही, किंवा ज्याची अन्ननलिका मुळात अरुंद आहे, अन्न नीट खाली उतरत नाही, त्याला ही गोळी द्यायचीच नसते. माझं तसं काही नव्हतं. चूक पाण्याची आणि दिवाणाची होती. "एक संधी देऊ गोळीला," डॉक्टर म्हणाले, "पुन्हा दुखलं तर मात्र इंजेक्शनच." मी संधी घेतली, थोडीशी सुईच्या भीतीनं, हे कबूल करते. शिवाय पहिल्या इंजेक्शननंतर एखाद-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, हे वरच्या आजींकडून ऐकलं होतं.

तेव्हापासून रविवारचा क्रम ठरलेला आहे. सहाला ग्लास. गोळीनंतर मी बसून राहत नाही, झोप येते. चालते. गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. वाकायची कामं या वेळात काढत नाही. केर काढणं, खालच्या कप्प्यातले डबे आवरणं, देवापुढे डोकं टेकणं, सगळं चहानंतर. डॉक्टरांनी आडवं होऊ नका एवढंच म्हटलं होतं, पण खाली वाकलं की पोटातलं पाणी गळ्याशी येतं हे मला स्वतःलाच जाणवलं. देवाला तेवढ्यापुरता उभ्यानं नमस्कार. साडेसहाला थायरॉइडची गोळी. सातला हे चहा टाकतात, आणि चहाबरोबर मी दोन बिस्किटं तरी खातेच, नुसता चहा नाही. त्यानंतर हवं तर लोळायला मोकळी. पण तोवर झोप उडालेली असते.

एकदा गोळी चुकली. भाचीच्या साखरपुड्याला कोल्हापूरला गेलो होतो, रविवारी पहाटे गडबड, सगळ्यांबरोबर चहा झाला आणि मग आठवलं. दुपारी चार वाजता पोट रिकामं आहे म्हणून घेऊ का, असा मोह झाला. भाचीनंच मान हलवली. आठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची आणि पुढच्या रविवारी आपल्या जागेवर यायचं, एका दिवशी दोन कधीच नाही. सोमवारी सकाळी मामांच्या अंगणात मी पाऊण तास येरझारा घालत होते आणि त्यांची सून दर पाच मिनिटांनी चहा घेऊन बाहेर येत होती.

गोळी आणताना आता मी पट्टी कापू देत नाही. चारची अखंड पट्टी घेते, महिन्याची सोय होते आणि वाक्यही पुरं राहतं. प्रत्येक फुगवट्याशेजारी पट्टीच्या मागे पेनानं तारीख घालते, म्हणजे आज घेतली की नाही हा वाद यांच्याशी होत नाही. पुडीवर दुकानातला मुलगा अजूनही सवयीनं १-०-० लिहायला जातो. मी त्याच्या हातातून पेन घेते आणि 'रविवार' लिहिते. पहिल्यांदा तो गोंधळला, आता हसतो.

डॉक्टरांनी पाच वर्षांचं गणित सांगितलंय. तोवर हाडात पुरेसं साठलं आणि खुब्याचा आकडा सुधारला तर काही काळ गोळी थांबवूनही बघतात, कारण बसलेलं औषध लगेच उतरत नाही. फार वर्षं चालू ठेवली तर क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेनं तडकतं, आधी मांडीत किंवा जांघेत कारण नसताना ठणका लागतो. तसं झालं तर न थांबता सांगायचं, एवढं लक्षात ठेवलंय. सध्या दीड वर्ष झालंय, पुढच्या दिवाळीत पुन्हा घनता मोजायची.

नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की मी आधी रविवारी येणाऱ्या संकष्ट्या शोधते. यंदा दोन निघाल्या. दोन्ही चौकोनांत लाल पेनानं लिहून ठेवलंय, 'आधी चहा-बिस्कीट, मग पूजा.' सासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून हेही त्यांच्या कानावर घातलंय. यांनी ते वाचलं आणि विचारलं, "बिस्कीट उपासाला चालतं?" त्या दोन रविवारांसाठी राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा वेगळा ठेवलाय.